तपकिरी पंपावरचं पिवळं लेबल

मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीशेजारी तिने दोन पंप ठेवले. एक निळा, एक तपकिरी. ठाण्यातल्या तिच्या घरी आम्ही चौघे गेलो होतो. तिच्या काकूने डोळे वटारले, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला लहानपणापासून दमा आहे. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घेते, निळा दम लागला तर. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

आमच्या वेळी अशा गोष्टी लपवायची रीत होती. लग्न जमल्यावर कळायचं, मग भांडणं व्हायची. तिने लपवलं नाही, याचंच मला इतकं कौतुक वाटलं की घरी परतताना मी आईला होकार सांगून टाकला. आई म्हणाली, "पंपाची सवय लागते म्हणतात रे." मी म्हणालो, "खरं बोलायची सवय आहे, ते बघ ना."

हे मी अभिमानाने सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते, कारण पुढे आमच्या घरात खोटं बोललो तो मी.

आम्ही डोंबिवलीत राहायचो. मी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. ती ठाकुर्लीच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. माझं काम म्हणजे तपासणी. माल तयार झाला की त्याच्या पिंपांवर पिवळं लेबल लागायचं: तपासणी चालू. आम्ही सही केल्यावर हिरवं, नापास झाला तर लाल. पिवळ्या लेबलाच्या मालाला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. साहेब म्हणायचे, "सिद्ध झालं नाही म्हणजे नाही." चौदा वर्षं मी हे वाक्य ऐकलं आणि ज्युनिअर पोरांना ऐकवलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. त्याच आठवड्यात मी तपकिरी पंपाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक काढून वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गर्भारपणात या औषधाची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. दुसऱ्या कुणी ते वाचून खोक्यात परत कोंबलं असतं. मला मात्र तो पंप दिसला की त्यावर पिवळं लेबल दिसायला लागलं.

तिला तसं म्हणालो, तर ती हसली. "मग डॉक्टरांना विचारू. तुमच्या साहेबांना नको."

तिच्या छातीच्या डॉक्टर ठाण्याला होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांचंच छोटं नर्सिंग होम होतं, खाली दवाखाना आणि वर सहा खाटा. एका बाजूला त्यांच्या बहिणीचं बाळंतपणाचं काम चालायचं. तिसरा महिना होता, हिला पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं. प्रवास नको म्हणून मी एकटाच तिचा केसपेपर घेऊन गेलो.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं. "दोन्ही चालू ठेवा. तपकिरी एकही दिवस चुकवायचा नाही. निळा लागला तर लगेच घ्यायचा, सहन करत बसायचं नाही."

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे कंपनीने स्वतःला सांभाळायला लिहिलेलं असतं. गर्भार बायकांवर प्रयोग कोण करणार? पण वर्षानुवर्षं बायका हे घेतायत, बाळं चांगली होतायत. औषध सरळ फुप्फुसात जातं, रक्तात फार थोडं उतरतं. भीती पंपाची नाही, दम्याची आहे." त्यांनी केसपेपरवर लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला ते लागलं. पत्रकं छापणाऱ्यांच्यातलाच मी एक. आम्ही एवढ्याशा अशुद्धीसाठी अख्खा माल अडवतो आणि या बाई दोन मिनिटांत हिरवं लेबल लावून मोकळ्या, असं माझ्या मनात आलं. खाली उतरून मी केसपेपरची बारीक घडी घातली आणि पाकिटात ठेवला.

घरी आई आणि ती, दोघी वाट बघत होत्या. मी चपला काढल्या, हात-पाय धुतले. मग म्हणालो, "तपकिरी बंद करायला सांगितलाय. निळा अगदीच लागला तर."

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

तिने एवढंच विचारलं. पोह्यांच्या बशीशेजारी पंप ठेवणाऱ्या बाईला समोरचा माणूस खोटं बोलेल असं वाटतच नाही. आईने देवासमोर साखर ठेवली. तिने तपकिरी पंप कपाटात, हिवाळ्यातल्या शालीखाली ठेवून दिला.

हे मी मूर्खपणाने केलं असं म्हणता येत नाही. मी ते काळजीने केलं, आणि म्हणूनच ते जास्त जाचतं. मला वाटत होतं मी बाळाला वाचवतोय.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मी मनात म्हणालो, बघा. पुढे हळूहळू एकेक गोष्ट कमी होत गेली. ती शाळेत कविता म्हणायची ती मुलांकडून म्हणून घ्यायला लागली. आमच्या तीन जिन्यांवर ती प्रत्येक वळणावर थांबून शेजारणीशी बोलायची. मला वाटायचं गप्पा मारतेय. एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. फॅक्टऱ्यांचा वास ज्या दिवशी गावभर पसरायचा त्या दिवशी ती खिडक्या लावून बसायची. निळा पंप आठवड्यातून एकदा लागायचा तो रोज लागायला लागला, मग दिवसातून तीन-चारदा. दर महिन्याची तपासणी डोंबिवलीतल्याच एका दवाखान्यात व्हायची, तिथे पंपाचं कुणी विचारलं नाही.

मी त्यावरही बोललो. "जरा बसून बघ ना, आपोआप जातो का."

"बसूनच असते हो मी," ती म्हणाली.

तिला एक सवय होती. हजेरीपटासारखी एक छोटी वही ती पर्समध्ये ठेवायची. ज्या दिवशी निळा पंप घेतला त्या तारखेपुढे एक उभी रेघ, दोनदा घेतला तर दोन. लग्नाआधीपासून लिहायची. मी ती वही कधी उघडून पाहिली नव्हती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण तिच्या माहेरी ठरलं. चार दिवस आधी तिच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना सर्दी झाली होती, ती हिलाही झाली. पुढे ढकलू, असं तिची आई म्हणाली. माझी आई म्हणाली, मुहूर्त काढलाय, सर्दीच तर आहे.

दुपारी तिला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं. मोगऱ्याचे गजरे, वेणी, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं फुलांचं. माझ्या आईने दृष्ट लागू नये म्हणून धूप घातला. बायका ओटी भरत होत्या, कुणीतरी विचारत होतं, बर्फी की पेढा. मी दारात उभा होतो. ती हसत होती, पण हसताना खांदे वर उचलले जात होते. गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती. तिने निळा पंप घेतला. पाच मिनिटांनी परत घेतला. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चला." तिच्या तोंडून एका वेळी तेवढा एकच शब्द बाहेर पडत होता.

नर्सिंग होम रिक्षाने दहा मिनिटांवर. रिक्षात ती पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसली होती. फुलं सगळीकडे पडत होती. मी गजरे सोडायला गेलो तर तिने हात झटकला. बोलायला श्वास नव्हता, तरी मला तिचं म्हणणं कळलं: आत्ता मला हात लावू नका.

वर एक सिस्टर होत्या. उत्तनकडच्या, कोळी घरातल्या, ख्रिस्ती. गळ्यात बारीक क्रूस. वीसेक वर्षं त्या तिथे होत्या. त्यांनी पहिल्यांदा खिडकी उघडली, मग फुलांचे दागिने कात्रीने कचाकच कापून एका बादलीत टाकले. "सुंदर दिसतेस गो बाय. पण ह्यो बाग मला हितं नको." हिला आडवं न करता बसतं ठेवलं, पाठीशी उशा दिल्या. ऑक्सिजनचा मास्क, त्यातूनच वाफेसारखं औषध. तोवर डॉक्टर आल्या, शिरेतून इंजेक्शन दिलं.

माझी आई म्हणाली, "एवढी औषधं? बाळाला..."

सिस्टरांनी मान वळवली नाही. "आजी, बाळ नाक लावून श्वास घेत नाय. आईचं रक्त जे देईल तेच त्याला. हिचा ऑक्सिजन उतरला का आधी त्याचा उतरतो. आता गप्प बसायचं काम आपलं." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "बाळ हललं काय आज?"

ती विचार करत राहिली. तिने एक बोट वर केलं आणि मग हात पालथा केला. सकाळी एकदा. नंतर आठवत नाही.



सिस्टरांनी लाकडी नळी काढली, एका टोकाला पसरट असलेली. ती हिच्या पोटावर टेकवून, कान लावून, घड्याळाकडे बघत त्या ऐकत राहिल्या. जागा बदलली. परत ऐकलं. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं देवाजवळ, ते सांगायला नको. शेवटी त्यांनी डॉक्टरांना ठोक्यांचा आकडा सांगितला आणि डॉक्टरांनी ठीक आहे अशी मान हलवली.

तासाभराने तिच्या खांद्यांची उचल कमी झाली. ती अर्धं वाक्य बोलायला लागली. तेव्हा डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "तपकिरी पंप दाखव."

"तो... बंद आहे ना."

"कोणी केला?"

"तुम्हीच."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मी?"

पर्समधली वही तिने सिस्टरांना काढायला लावली. सिस्टरांनी पानं उलटली. आधीच्या वर्षांत महिन्याला चार-पाच रेघा. मग तिसऱ्या महिन्यातली एक तारीख, तिने तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: आजपासून तपकिरी बंद. त्यानंतर काही आठवडे विरळ रेघा, मग दाट, मग रोजच्या रकान्यात मावेनात इतक्या. शाळेतल्या या बाईंनी अक्षर सांभाळून माझा अपराध लिहून ठेवला होता, आणि तिला ते माहीत नव्हतं.

ती त्या तारखेकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. केसपेपर माझ्या पाकिटातच होता, घडी न मोडलेला.

मी तोंड उघडायच्या आत ती डॉक्टरांना म्हणाली, "माझाच... गोंधळ झाला असेल."

माझी आई खोलीत होती. तिची आई होती. मास्क बाजूला करून, उसना श्वास घेऊन तिने ते वाक्य माझ्यासाठी खर्च केलं. इतकी वर्षं झाली, त्याहून मोठं काही कुणी माझ्यासाठी केल्याचं आठवत नाही.

मी डॉक्टरांमागे बाहेर गेलो आणि जिन्याजवळ सगळं सांगितलं, पिंपांवरच्या पिवळ्या लेबलापासून. केसपेपर काढून दाखवला. मला वाटलं त्या ओरडतील. त्या जिन्याच्या कठड्यावर केसपेपर ठेवून त्याच्या मागे लिहायला लागल्या. "केमिस्ट ना तुम्ही? मग हे वाचा. तपकिरी पंपातून दिवसभरात जातं ते मायक्रोग्रॅममध्ये, त्यातलंही बहुतेक फुप्फुसात. आता शिरेतून दिलं आणि पुढचे काही दिवस गोळ्यांतून द्यावं लागेल ते मिलिग्रॅममध्ये, आणि ते सगळ्या अंगात फिरणार. औषधं वेगळी आहेत, सरळ भागाकार करू नका, पण अंदाज येईल. तेही द्यायलाच हवं, न देणं जास्त धोक्याचं. पण थोडंसं टाळायला गेलात आणि ढीगभर द्यायची वेळ आणलीत."

मी तो कागद दोनदा वाचला.

"दमा असा मोकाट राहिला की बाळ लहान राहू शकतं, लवकर येऊ शकतं, आईचं ब्लडप्रेशर वाढू शकतं. तुमच्या पत्रकात हे नव्हतं, कारण ते औषधाचं पत्रक होतं. दम्याचं पत्रक कोणी छापत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही एकाच पिंपाची तपासणी केलीत."

सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या. "ये हिकडं," म्हणाल्या. मला हाताला धरून आत नेलं, लाकडी नळी हिच्या पोटावर टेकवली आणि माझं डोकं त्यावर वाकवलं. आधी काही ऐकू आलं नाही, माझंच रक्त कानात वाजत होतं. मग खूप दूरवर, खूप भरभर, टकटकटकटक. मी रडलो. सिस्टर म्हणाल्या, "रडून झालं का सांग. पंप कसा घ्यायचा ते शिकवायचंय."

"तो मला येतो," ती खाटेवरून म्हणाली.

"तुला नाय गो. ह्याला. घरात दोघांना यायला हवा."

मग मी शिकलो. पंप हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. तोंडात धरून, हळू श्वास आत घ्यायला सुरुवात झाली की दाबायचं. दहा आकडे होईतो श्वास रोखायचा. तपकिरी घेतल्यावर चूळ भरायची. संपला की नाही हे बघायला ही आजवर पंपाची आतली डबी पाण्यात टाकून बघायची, तरंगली की रिकामी. सिस्टर म्हणाल्या, त्याचा भरवसा नाही, मोजत जा. शिवाय धूप, उदबत्ती, कॉइल सगळं बंद. हे त्यांनी माझ्या आईकडे बघून सांगितलं आणि आईने निमूट मान हलवली.

चार दिवसांनी आम्ही डोंबिवलीला परतलो. मी कपाट उघडलं, शालीखालून तपकिरी पंप काढला आणि तिच्यापुढे माफी मागायला बसलो. शब्द जमवले होते. तिने मला बोलू दिलं, मधे अडवलं नाही.

शेवटी म्हणाली, "तुम्ही मला विचारलं असतं तर मी भांडले असते. भांडून कदाचित तुमचं ऐकलंही असतं. पण तुम्ही मला निवडूच दिलं नाही." मग तिने वही माझ्याकडे सरकवली. "आता रेघा तुम्ही मारायच्या. तपकिरीच्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन. निळ्याच्या वेगळ्या. मी सांगेन तशा. खाडाखोड चालणार नाही."

आईला तिने कधीच सांगितलं नाही. आई कित्येक वर्षं म्हणत राहिली, त्या डॉक्टर बाईंनीच आधी चुकीचं सांगितलं होतं. दर वेळी मी ते ऐकलं आणि दर वेळी तिने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच आईला खरं सांगितलं. आई बराच वेळ गहू निवडत राहिली आणि म्हणाली, "धूप मीच घातला होता."

पुढचे दोन महिने मी रेघा मारल्या. निळ्याच्या रेघा कमी होत गेल्या. आठव्या महिन्याच्या शेवटी एक अख्खा आठवडा कोरा गेला. ती परत जिना न थांबता चढायला लागली, आणि शेजारीण एकदा मला म्हणाली, "तुमची मंडळी हल्ली बोलत नाही आमच्याशी." मी इतका आनंदलो की तिला कारण सांगता येईना.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. ठाण्याला पोचलो तेव्हा बाळंतपणाच्या खोलीच्या दारात त्याच सिस्टर. "पंप कोणाकडं?"

मी शर्टाच्या दोन खिशांतून दोन काढले. त्यांनी निळा उशीखाली ठेवायला घेतला. "आणि सकाळचा तपकिरी?"

"झाला," मी म्हणालो. "साडेसहाला. दोन."

त्यांनी वहीच मागितली, बघितली आणि मग दार लावलं.

दुपारी मुलगी झाली. रडण्याचा आवाज दारातून आला, चांगला खणखणीत. वजन जरा कमी भरलं. काळजी करण्याइतकं नाही, डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, ते त्या महिन्यांमुळे का? त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. "असेल, नसेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही." मुलगी पुढे ताडमाड वाढली, धडधाकट आहे. पण तिच्या जन्माच्या कागदावरचा तो आकडा मला पाठ आहे आणि त्यावरचं लेबल माझ्यासाठी कायम पिवळंच राहिलं आहे.

संध्याकाळी आत गेलो. ती थकून पडली होती, मुलगी कुशीत. माझ्या आईने हळूच विचारलं, "आता अंगावर पाजणार, तर पंप..."

"चालतो," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ती हसली. कित्येक महिन्यांनी ती माझ्याकडे बघून हसली. खांदे जागच्या जागी होते. मग तिने हात पुढे केला. मी तपकिरी पंप हलवून दिला. तिने श्वास सोडला, घेतला, रोखला. मी मनात दहा मोजले. परत एकदा. पेल्यात पाणी दिलं, तिने चूळ भरली.

"लिहा," ती म्हणाली.

मी वही उघडली आणि मुलीच्या जन्मतारखेपुढे, सकाळच्या दोन रेघांशेजारी, संध्याकाळच्या दोन रेघा मारल्या.